“विसरून जा” हा सल्ला आता पुरे



माजी सैनिकांच्या मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “एवढी वर्षं झाली, आता विसरायला हवं.” दिवाळीत सुतळी बॉम्ब वाजला की जमिनीकडे झेपावणाऱ्या माणसाला ते ऐकवलं जातं. ऐकवणारे बहुधा आपलेच असतात आणि त्यांचा हेतूही वाईट नसतो. पण सल्ला चुकीचा आहे. मेंदू भीती विसरून बरा होतच नाही.

कानशिलाच्या आत, खोलवर, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक पेशीपुंज असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. आवाज आणि इजा एकदा एकत्र आले की ही गाठ तो पक्की बांधतो. पुढे नुसता आवाज झाला तरी छाती धडधडते, हातपाय आखडतात. उंदरांवर हे पुष्कळ तपासून झालं आहे. घंटीसारखा सूर वाजवायचा आणि पायाखाली विजेचा हलका झटका द्यायचा. चारदोन वेळा असं झालं की उंदीर सुराला गोठतो. मग झटका न देता सूर वाजवत राहिलं की गोठणं हळूहळू थांबतं. आपण म्हणतो, विसरला.

नाही विसरला. पावलोव्हने 1920च्या दशकातच लिहून ठेवलं होतं की विझलेली प्रतिक्रिया काही काळ गेल्यावर आपोआप परत येते. जुनी गाठ सुटत नाही. तिच्या शेजारी ‘आता धोका नाही’ अशी दुसरी गाठ बसते, आणि मग दोघींची ओढाताण चालते.

ही दुसरी गाठ कोण सांभाळतं, हे पोर्टो रिको बेटावरच्या ग्रेगरी क्वर्क यांच्या प्रयोगशाळेने 2000 साली दाखवलं. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा खालचा, मधला भाग त्यांनी काही उंदरांमध्ये निकामी केला. पहिल्या दिवशी हे उंदीर बाकीच्यांसारखेच शांत व्हायला शिकले. दुसऱ्या दिवशी सूर वाजला आणि ते पुन्हा पहिल्यासारखे गोठले. शिकणं झालं होतं, पण रात्र उलटल्यावर ते आठवेना. दोन वर्षांनी मिलाद आणि क्वर्क यांनी धडधाकट उंदरांच्या त्याच भागातल्या पेशींचे संकेत टिपले. शिकवणीच्या दिवशी सुराला या पेशी गप्प होत्या, दुसऱ्या दिवशी बोलू लागल्या. ज्याच्या पेशी जास्त बोलल्या, तो उंदीर कमी गोठला. म्हणजे लगाम तिथे आहे, आणि तो आठवणीचा लगाम आहे. त्याला मर्दानगी म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

आता खरी मेख. भीती जागा विचारत नाही, निर्धास्तपणा मात्र विचारतो. उंदराला ज्या पिंजऱ्यात शांत केलं तिथे तो शांत राहतो. पिंजरा बदलला की भीती परत येते. समजा, एखाद्या जवानाच्या गाडीखाली रस्त्याकडेच्या मोरीत स्फोट झाला. युनिटमध्ये, सोबत्यांबरोबर तो महिनाभरात रुळतो, त्याच रस्त्यावरून जातो. साहेबही म्हणतात, फिट आहे. मग रजेवर गावी येतो आणि उसाच्या शेताजवळच्या मोरीपाशी मोटारसायकल थांबवून घाम पुसत उभा राहतो. घरचे म्हणतात, तिकडे बरा होता, इथे नाटकं करतो. नाटक नाही. ‘इथे धोका नाही’ हा धडा त्याच्या मेंदूने या मोरीवर कधी घेतलेलाच नाही.

तो धडा इथेच, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, थोडा थोडा करून घ्यावा लागतो. आधी लांबून मोरी पाहायची, मग जवळ जायचं, मग ओलांडायची, आणि भीती ओसरेपर्यंत तिथे थांबायचं. भीती शिगेला असताना पळ काढला तर मेंदू उलटंच शिकतो: पळालो म्हणून वाचलो. दोन पेग घेऊन मोरी ओलांडणंही फसवं आहे. नशा हासुद्धा मेंदूच्या लेखी एक पिंजराच. त्यात शिकलेलं शुद्धीवर आल्यावर सोबत येईलच असं नाही.

एक गोष्ट मात्र ‘लगाम मजबूत करा’ असं विकणाऱ्यांनाही सांगायला हवी. डोक्याला जखम झालेल्या व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. अमिग्डालाला इजा झालेल्यांत एकालाही पीटीएसडी आढळला नाही. पण त्या प्रीफ्रंटल भागाला इजा झालेल्यांतही त्याचं प्रमाण कमीच निघालं. लगाम तुटल्यावर घोडा उधळायला हवा होता, तसं झालं नाही. तो भाग नुसता आवरत नसावा, आठवणी उगाळण्यातही त्याचा हात असावा. म्हणून मोबाईलवर ‘मेंदूचा व्यायाम’ विकणाऱ्यांपासून चार हात लांब राहा आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जा.

आणि मेळाव्यात पुढच्या वेळी कुणी “विसर रे” म्हणालं, तर त्याला विचारा, कोणत्या मोरीवर घेऊन जातोस?