'केलं' अशुद्ध नाही, आणि 'केले' म्हणजे शुद्धता नाही

पापडीकर मंडळी, पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या पोरांच्या वह्यांचा आहे, तेव्हा जरा दमानं वाचा.

पोरगं वहीत लिहितं, 'मी चित्र काढलं.' 'काढलं'भोवती लाल गोल पडतो, वर 'काढले' अशी दुरुस्ती येते आणि बाजूला शेरा असतो : अशुद्ध. अशा वह्या तुमच्याही घरात आल्या असतील. मोठ्यांचंही तेच चाललेलं असतं. मुलांसाठी गावाची माहिती लिहायला कुणी बसलं की पहिला वाद हाच. एक म्हणतो, 'बोलतो तसं लिहा, मुलांना कळेल.' दुसरा म्हणतो, 'पुस्तक आहे, व्हॉट्सॲप नाही. प्रमाण मराठीत लिहा.' मग अर्धी पानं 'केलं'मध्ये, अर्धी 'केले'मध्ये, आणि पुस्तक ना इकडचं ना तिकडचं.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलांच्या पुस्तकात 'केलं' लिहावं. मुलांची कीव येते म्हणून नाही. तिथे ते रूप 'केले'पेक्षा जास्त नेमकं आहे म्हणून.

आधी हा नियम आला कुठून ते बघू. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम केले आणि शासनाने ते १९६२ मध्ये मान्य केले. तेव्हा ते १४ होते, १९७२ मध्ये चारांची भर पडून १८ झाले. आजची शाळा त्यांवरच चालते. त्याआधी काम 'केलें' लिहायचे, डोक्यावर टिंब देऊन. 'दिवे लावले'मध्ये मात्र टिंब नसायचं. म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन वेगळं आणि पुल्लिंगी अनेकवचन वेगळं, हे डोळ्यांना दिसायचं. आजीच्या पेटीत जुनं प्रार्थनापुस्तक असेल तर उघडून बघा, पानभर टिंबं दिसतील. नव्या नियमांनी उच्चारात न येणारी टिंबं काढून टाकली. लिहिणं सोपं झालं, ते चांगलंच झालं. पण त्यात 'केलें' आणि 'केले' एकच होऊन बसले.

बोलण्यात मात्र ते कधीच एक झाले नाहीत. आपण 'काम केलं' म्हणतो आणि 'लाडू केले' म्हणतो. उलटं कुणी बोलत नाही, चार वर्षांचं पोरही नाही. म्हणजे मराठीतला एक खरा फरक बोलणाऱ्यांनी सांभाळला आणि लिहिणाऱ्यांनी घालवला. आणि शेरा कुणाला? सांभाळणाऱ्याला.

'फरक गेला तर काय बिघडलं?' असं कुणी विचारेल. मग ही तीन वाक्यं वाचा : 'वासरू विहिरीजवळ उभे होते. काका आले. ते पळाले.' पळालं कोण, वासरू की काका? पुस्तकी मराठीत याचं उत्तरच नाही. 'ते पळालं' लिहा, वासरू पळालं. 'ते पळाले' लिहा, काका पळाले. एका टिंबाचं काम आहे.

आता आपल्या गावचंच उदाहरण घेतो. समजा, मुलांच्या पुस्तकात वसईच्या सुकेळ्यांवर चार ओळी लिहायच्या आहेत. बोलण्याच्या रूपात त्या अशा होतील : 'पिकलेलं राजेळी केळं घ्यायचं. ते सोलायचं, उन्हात वाळवायचं आणि वाळलं की केळीच्या सुक्या पानात गुंडाळायचं.' वाचणाऱ्याला कळतं की ही कृती आहे, आजही अशीच करतात.

आता लाल पेनाने दुरुस्ती करू : 'पिकलेले राजेळी केळे घ्यायचे. ते सोलायचे, उन्हात वाळवायचे आणि वाळले की केळीच्या सुक्या पानात गुंडाळायचे.' पुन्हा वाचा. आता हे असंही वाचता येतं की पूर्वी लोक असं करायचे, आता करत नाहीत. कारण 'लोक गुंडाळायचे' ही भूतकाळातली सवय आणि 'केळे गुंडाळायचे' ही आजची कृती, दोन्हींचं रूप लेखनात एकच झालं. आपल्या बायका आजही उन्हात केळी मांडतात, आणि पुस्तकाने त्यांना इतिहासात पाठवलं. तेही शुद्धलेखनाच्या नावाखाली!

यावर प्रमाणवाले हुशारीने सांगतील, 'मग वाक्य बदला. केळे सोलण्यात येते, तदनंतर ते वाळविण्यात येते, असे लिहा.' खरं दुखणं इथेच आहे. 'ए'कार सांभाळायच्या नादात माणूस वाक्यातून बाहेर जातो. 'सोलण्यात येते' म्हटल्यावर सोलतं कोण? कुणीच नाही. केळं आपोआप सोललं जातं. सरकारी परिपत्रकात हे चालतं, कारण तिथे करणाऱ्याचं नाव नसलेलंच बरं असतं. सात वर्षांच्या मुलाला मात्र करणारा माणूस दिसायला हवा.

आता त्या नियमाबद्दल, कारण शेरा मारणारे त्याचंच नाव घेतात. १८ नियमांत याबद्दल स्वतंत्र नियम आहे. त्याचं म्हणणं एवढंच की पात्राच्या तोंडी बोलणं घालताना 'केलं', 'म्हटलं' असं अनुस्वार देऊन लिहावं, एरवी 'केले', 'म्हटले' लिहावं. म्हणजे 'केलं' कुठे लिहायचं ते नियम सांगतो. ते रूपच चुकीचं आहे असं तो म्हणत नाही. म्हणून 'अशुद्ध' हा शेरा नियमाच्याही पुढे गेलेला आहे. आणि पहिली-दुसरीचं पुस्तक मुलाशी कसं बोलतं ते बघा : 'चित्र बघ. तुला काय दिसलं? सांग.' हे बोलणं नाही तर काय आहे? तिथे पुस्तक हेच पात्र आहे. नियम मोडायचीसुद्धा गरज नाही, नीट वाचला तरी पुरे.

आता 'बोलतो तसं लिहा'वाल्यांकडे वळतो, कारण त्यांचंही सगळं बरोबर नाही.

पहिली गोष्ट, तुम्ही कुणाची बोली म्हणताय? आपल्या भागात एका घरात सामवेदी, दुसऱ्या घरात वाडवळी, किनाऱ्याकडे कोळी आणि शुक्रवारच्या बाजारात सगळ्यांची मिसळ. या घरांतल्या मुलाला 'केले' जसं शाळेत भेटतं, तसं 'केलं'ही बऱ्यापैकी शाळेत आणि टीव्हीवरच भेटतं. 'केलं' ही सुद्धा प्रमाण मराठीच आहे, फक्त तोंडी. तेव्हा 'केलं' लिहिलं म्हणजे आपल्या बोलीला न्याय दिला, अशी पाठ थोपटून घेऊ नका. सामवेदीला न्याय द्यायचा असेल तर पुस्तकात सामवेदी माणसाला सामवेदीत बोलू द्या, आपल्या झाडांना, भांड्यांना, माशांना आपली नावं द्या. ते वेगळं काम आहे आणि त्याला जास्त कष्ट लागतात.

दुसरी गोष्ट, टिंब ठेवायचं तर नीट ठेवा. 'मी काम केल, त्यांनी सांगितल' हे मोबाइलवर रोज दिसतं. हे बोलीत लिहिणं नव्हे, हा आळस आहे. 'केल' असं मराठीत काही नाही. आणि दुसऱ्या टोकाला 'लोकं आली'. लोक हा पुल्लिंगी शब्द, अनेकवचनातही 'लोक'च. ओळखायची खूण सोपी आहे : शब्दामागे 'ते एक' लावून बघा. 'ते एक घर', म्हणून 'घरं'. 'ते एक लोक' म्हणत नाही, म्हणून 'लोकं' नाही.

तिसरी अडचण शिक्षकांची आहे आणि ती खरी आहे. पहिलीत मूल 'अंगण' वाचायला शिकतं, तिथे टिंब नाकात जातं. 'केलं'मध्ये तेच टिंब नाकात जात नाही, शेवटचा 'अ' लांबतो. नुकतं वाचायला लागलेलं मूल 'केलं'चं 'केलम्' करू शकतं. पण यावरही उपाय आहे : टिंब शब्दाच्या मध्ये आलं तर नाकात, शेवटी आलं तर लांबवायचं. 'स्वयं'सारखे संस्कृत शब्द याला अपवाद आहेत, पण ते पहिलीच्या पुस्तकात येत नाहीत. आणि 'केलं' हा शब्द मुलाच्या कानाला ओळखीचा आहे, त्यामुळे चुकलं तरी कान दुरुस्त करतो. 'केले'च्या बाबतीत कानच गोंधळतो, कारण बाई विचारतात 'काय वाचलं?' आणि पुस्तकात असतं 'वाचले'.

हे नवं बंड नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात 'क्रिस्तपुराण' लिहिलं, ते १६१६ मध्ये छापून निघालं. त्यांनी तिथेच सांगून ठेवलं की शुद्ध मराठी मधल्या लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या भाषेतले सोपे शब्द मिसळले आहेत. परदेशातून आलेल्या माणसाला ४०० वर्षांपूर्वी आधी वाचक कोण हे विचारावंसं वाटलं. आपण आधी लाल पेन शोधतो.

तेव्हा मुलांसाठी लिहिणाऱ्यांना आणि वह्या तपासणाऱ्यांना माझं मागणं असं. चौथीपर्यंतच्या वाचनात 'केलं', आणि एका पुस्तकात एकच रूप, मिसळ नाही. पाचवीपासून 'केले' शिकवा, जरूर शिकवा, कारण अर्ज, अहवाल आणि परीक्षेचा पेपर त्यातच लिहायचा आहे. पण ते दुसरं रूप म्हणून शिकवा. 'तुझं चुकलं' असं म्हणून नको. वहीत 'काढलं' दिसलं तर गोल करू नका. बाजूला लिहा, 'अर्जात असेल तर काढले.' गोल करायचाच असेल तर 'काढल'ला करा.

आणि पुढच्या वेळी कुणी 'शुद्ध लिहा' म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा : वासरू पळालं, की काका?