पाटीवरचे वॉट बिलाला लावू नका

भोरमध्ये एसी घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "दीड टनाचा आहे, तासाला दीड युनिट धरा." मेकॅनिकही तेच म्हणाला. हा आकडा दोघांनीही मोजलेला नव्हता. पाटीवर १६०० वॉट लिहिलंय म्हणून आठ तासांचे १२.८ युनिट, असा हा हिशेब. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या भीतीने लोक उन्हाळ्यात म्हाताऱ्या आईवडिलांच्या खोलीतला एसी बंद ठेवतात.

पाटीवरचे वॉट बाहेर ३५ अंश आणि खोलीत २७ अंश असताना, यंत्र पूर्ण क्षमतेवर चालवून मोजलेले असतात. इन्व्हर्टर एसी रात्रभर त्या गतीने चालतच नाही. स्टार लेबलवरचे वर्षाचे युनिट १६०० तासांसाठी असतात. माझ्या लेबलवर सुमारे १००० आहेत, म्हणजे तासाला ०.६२. पाटी आणि लेबल एकाच यंत्रावर चिकटवलेली असताना विकणाऱ्याने एवढा भागाकारही करू नये?

मी प्लगचा मीटर आणला. तो १६ अँपिअरचाच हवा. सहाचा लावला तर वितळू शकतो. एक्स्टेन्शन बोर्डही नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहायचं. गरम लागला तर लगेच बंद करायचं. मीटर स्टॅबिलायझरच्या आधी लावला, म्हणजे त्याचा खर्चही मोजला जातो. पहिली वीस मिनिटं १६५० वॉट दिसले, मग उतरत पाचशेच्या आसपास स्थिरावले. रात्री दहा ते सहा, २६ अंशांवर: ४.६ युनिट. एप्रिलमधल्या दुपारी, तापलेल्या स्लॅबखाली, तीन तासांत ३.९. म्हणजे रात्री तासाला ०.५८ आणि दुपारी १.३. तेच यंत्र, तीच खोली.

म्हणून मध्येच एखाद्या क्षणी "फक्त ४५० वॉट" असा फोटो काढून मिरवणाराही तितकाच चुकतो. वॉट म्हणजे त्या क्षणाचा वेग, आणि बिल येतं ते युनिटचं.

वेल्ह्याकडच्या वाड्यांत आणखी एक घोळ चालतो. मेकॅनिक क्लॅम्प मीटर लावून अँपिअर वाचतो आणि सरळ २३० ने गुणतो. तिथे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं. इन्व्हर्टर एसी तेवढ्याच वॉटसाठी जास्त करंट ओढतो. १५०० वॉटला १९० व्होल्टवर ७.९ अँपिअर लागतात. ते २३० ने गुणले की १८१७ होतात. तीनशे वॉट हवेतून आले, आणि ग्राहकाला सांगितलं जातं, यंत्रच बिघडलंय, गॅस भरा. गॅसचे पैसे घेण्याआधी त्याने व्होल्टेज मोजायलाच हवं. पॉवर फॅक्टर तर साध्या क्लॅम्पवर दिसतच नाही. प्लगचा मीटर तो धरून खरे वॉट दाखवतो.

एसीचा खर्च कोणी सांगितला, तर त्याला तीन गोष्टी विचारा: युनिट किती, तास किती आणि बाहेर ऊन किती होतं. तिन्ही सांगता येत नसतील, तर त्याचा आकडा घेऊ नका.