तासाला एक पॅड भिजतंय? सकाळच्या ओपीडीची वाट पाहू नका

"डॉक्टर, तासातासाला पॅड बदलावं लागतंय. पण दुखत काही नाही. उद्या सकाळी दवाखान्यात दाखवलं तर चालेल ना?" हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री फोनवर येतो, आणि तो अनेकदा बाई स्वतः विचारत नाही, नवरा किंवा मुलगी विचारते. बाई मागून म्हणत असते, "अहो, पाळी जायच्या वयात असं अंगावर जातंच."

माझं मत आधीच सांगतो. नेहमीच्या आकाराचं पॅड सलग दोन तास, दर तासाला एक किंवा जास्त, पूर्ण भिजत असेल, तर तो सकाळच्या ओपीडीचा विषय नाही. रात्रीचे अकरा असोत की पहाटेचे तीन, तेव्हाच निघायचं. चक्कर, छातीत धडधड, बसल्या जागी धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर दुसऱ्या तासाचीही वाट पाहायची नाही.

दोन तास का, हे समजून घ्या. रात्रभर आडवं झोपल्यावर रक्त योनीमार्गात साचून राहतं. सकाळी उठून उभं राहिलं की ते एकदम बाहेर येतं, एक-दोन गाठीही पडतात आणि पॅड पाच मिनिटांत भिजतं. त्यानंतर पुढचं पॅड तीन-चार तास टिकलं, तर घाबरायचं कारण नाही. एक-दोन दिवसांत वेळ घेऊन दाखवा. म्हणून एका पॅडवरून वेग कळत नाही, सलग दोनवरून कळतो. आणि "भिजलं" म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत भिजलं, डाग पडला म्हणून बदललं ते नव्हे. रात्री वापरायच्या मोठ्या पॅडमध्ये साध्या पॅडपेक्षा बरंच जास्त रक्त मावतं, तेव्हा मोठं पॅड तासाला भिजणं जास्तच गंभीर. कप वापरत असाल तर मोजणं सोपं: साधारण २५ ते ३० मिलिलिटरचा कप तासा-दोन तासांत काठोकाठ भरत असेल, तरी उत्तर तेच.

आता ज्या गोष्टी लोकांना खोटा धीर देतात त्यांबद्दल. माझ्या अनुभवात पॅड मोजण्यात चूक फारशी होत नाही. चूक होते ती पुढच्या हिशेबात.

एक उदाहरण घेऊ. वय ४३, गर्भाशयात गाठ असल्याचं आधीपासून माहीत. गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, सण झाल्यावर बंद केल्या. अशा गोळ्या थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, तशी आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पहिलं पॅड पूर्ण भिजलं. मग आठ वाजून दहा मिनिटांनी, नऊला आणि दहाला. सव्वादहाला नवऱ्याचा फोन आला. त्याने तीन गोष्टी सांगितल्या: घरच्या मशीनवर बीपी ११८/७८, बोटाला लावायच्या यंत्रावर ऑक्सिजन ९८, आणि मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८. थोडक्यात, सगळं ठीक दिसतंय, तर उद्या येऊ का?

यातली एकही गोष्ट धीर देणारी नव्हती.

ऑक्सिजनचा आकडा घ्या. करोनाच्या काळात घरोघरी आलेलं ते यंत्र, उरलेल्या रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलेला आहे ते सांगतं. रक्त उरलंय किती, हे त्याला कळत नाही. अर्धी बादली पाणी शिल्लक असलं तरी पाणी स्वच्छ असू शकतं, तसं. रक्त बरंच गेलेल्या बाईचा ऑक्सिजनही ९८ दाखवू शकतो.

बीपीचं तसंच. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात साधारण सव्वातीन लिटर रक्त असतं. त्यातलं अर्धा लिटरभर जाईपर्यंत शरीर फारसं काही दाखवत नाही. त्यानंतर हृदय जोरात धावू लागतं, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हात गार पडतात. या सगळ्या धडपडीतून बीपी टिकून राहतं. जवळजवळ एक लिटर गेल्यावर मात्र ते पडतं, आणि एकदा पडू लागलं की हातात फार वेळ नसतो. म्हणून बीपी चांगलं आहे याचा अर्थ शरीर अजून झगडतंय, एवढाच घ्या.

हिमोग्लोबिनचा घोटाळा सर्वांत मोठा. मागच्या महिन्याचा रिपोर्ट आज रात्री उपयोगाचा नाही हे पटतं, पण आत्ता ताजं तपासलं तरी ते फसवू शकतं. पातेल्यातून दोन वाट्या आमटी काढली, तर उरलेली आमटी पातळ होत नाही, फक्त कमी होते. वरून पाणी घातलं की ती पातळ होते. रक्ताचं तसंच आहे: शरीर आपलं पाणी रक्तात ओढून घेतं किंवा आपण सलाईन लावतो, तेव्हा काही तासांनी हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो.

त्याच बोटाच्या यंत्रावर दुसरा आकडा असतो, नाडीचा. तो मी विचारला. ११२ होता, बाई झोपून असताना. नवऱ्याने तिला धरून उभं केलं, मिनिटभरात १३६ झाला आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. यापुढे काही विचारायची गरज नव्हती. झोपून नाडी शंभरच्या वर किंवा उभं राहिल्यावर तिसाने वाढणं, याचा अर्थ रक्त बरंच गेलं आहे. यंत्र नसेल तर मनगटावर अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. आधीच चक्कर येत असेल तर उभं करून पाहायचा प्रयोग मात्र करू नका, उत्तर मिळालेलंच आहे. आणखी एक मर्यादा: बीपीसाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर नाडी दाबलेली राहते, तिच्यावर विसंबू नका.

ती जिल्हा रुग्णालयात पोहोचली तेव्हा हिमोग्लोबिन ९.१ होतं. "एवढं काही कमी नाही" असं घरच्यांना वाटलं. सलाईन चढली, सकाळी पुन्हा तपासलं तर ६.६. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू झाल्या, दुपारपर्यंत जाणं आटोक्यात आलं. सोनोग्राफीत गाठ गर्भाशयाच्या पोकळीत डोकावत होती. गाठ आकाराने मोठी नसली तरी अशा जागी असली की रक्त भरपूर जातं. ती सकाळची वाट पाहत घरी थांबली असती तर तोपर्यंत आणखी दहाएक पॅड झाली असती. पुढचं गणित तुम्हीच करा.

आता नियमाच्या मर्यादा. काही बायकांनी दोन तास मोजत बसायचंच नाही. बाळंतपणाला काही आठवडेच झाले असतील आणि कमी होत आलेलं जाणं पुन्हा लालभडक होऊन तासात पॅड भिजलं, तर लगेच निघा. "बाळंतिणीला जातंच" हे खरं, पण ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील किंवा हिमोग्लोबिन आधीच सात-आठच्या आसपास असेल, तरीही पहिल्याच तासाला. गर्भपाताच्या गोळ्या मेडिकलमधून घेतल्या असतील, तर तिथल्या डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. गोष्ट लपवली तर उपचार चुकीच्या दिशेने जातात. आणि वयात नुकतीच आलेली मुलगी असेल, तर "सुरुवातीला होतं असं" म्हणून थांबू नका. रक्त गोठण्याचा जन्मजात दोष कधीकधी पहिल्या पाळ्यांतच प्रथम दिसतो.

एका परिस्थितीत तर पॅड मोजण्याला अर्थच नाही. पाळी चुकली होती किंवा दिवस असण्याची शक्यता आहे, थोडंसंच जातंय, पण ओटीपोटात एका बाजूला कळ येते, खांद्याच्या टोकाला दुखतं किंवा घेरी येते. गर्भ नळीत राहून नळी फुटली असेल तर रक्त पोटात साचतं, पॅडवर येतच नाही. अशा वेळी एक पॅड दिवसभर पुरलं तरी तातडीनेच जायचं.

जायचं कुठे, हेही महत्त्वाचं. माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात येऊ नका. माझ्याकडे रक्त नाही आणि रात्री गर्भाशय साफ करायची सोयही नाही. मी तपासून पुढेच पाठवणार, त्यात तास जाणार. स्त्रीरोगतज्ज्ञ हजर आहेत का आणि रक्त मिळेल का, हे दोन प्रश्न फोनवर विचारा. दोन्हींचं उत्तर हो असेल तिथे जा. खासगी जमत नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नका. वाटेत शुद्ध हरपली तर तोल जाऊन पडणं हा दुसराच अपघात होईल. मागच्या सीटवर आडवं झोपवा.

निघताना घोटभर पाणी चालेल, जेवण नको, कारण भूल द्यावी लागू शकते. दुखलं म्हणून ॲस्पिरिन घेऊ नका. घरात ट्रॅनेक्झॅमिकच्या गोळ्या पडल्या असतील तर त्या घेऊन "बघू फरक पडतो का" म्हणत थांबू नका. पायात किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्यांनी तर त्या स्वतःहून घ्यायच्याच नाहीत. चालू औषधांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट सोबत घ्या, आणि पॅड कधी कधी बदललं त्या वेळा मोबाइलवर लिहून ठेवा. "खूप जातंय" यापेक्षा "सात, आठ दहा, नऊ, दहा" हे डॉक्टरांना फार लवकर कळतं.

आणि तोवर बाथरूमला जाल तेव्हा आतून कडी लावू नका. अशा बायका बेशुद्ध होतात त्या बहुधा तिथेच, बसून उठताना, आणि बाहेरच्यांना दार तोडावं लागतं.