पाच मिनिटांचा हिशेब द्या!

परळ, लालबाग, दादर, गिरगावच्या रहिवाशांनो,

चाळी पडल्या, टॉवर उठले आणि आपल्याच गल्लीतलं घर आपल्याला परवडेनासं झालं, हे आपल्याला माहीत आहे. त्यावर पुन्हा रडायला हे पत्रक काढलेलं नाही. ते काढलंय एका ओळीसाठी.

परळला केईएमजवळच्या एका तयार फ्लॅटचा व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरतोय. खाली लिहिलंय, ‘ताबा लगेच. दादर स्टेशन ५ मिनिटं. गाडीने प्रभादेवी २ मिनिटं.’

केईएम ते दादर स्टेशन सरळ रेषेत मोजलं तरी दीड किलोमीटरच्या वर भरतं. तेवढं पाच मिनिटांत कापायचं म्हणजे ताशी १८ किलोमीटर. मॅरेथॉन जिंकणारे ताशी २०च्या आसपास धावतात, आणि त्यांच्या वाटेत हिंदमाताचा सिग्नल नसतो. प्रभादेवीचं तर विचारूच नका. परळ आणि प्रभादेवी जोडणारा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करून पाडायला घेतला. तेव्हापासून गाडीवाला टिळक पुलाला किंवा करी रोडच्या पुलाला वळसा घालतोय. त्या दोन मिनिटांत तो पुलाच्या तोंडाशीही पोचत नाही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीचं एक वेळ समजू शकतो. तिथे दाखवायला काही नसतं, म्हणून स्वप्नं विकतात. पण तयार घर उभं आहे, रस्ता उभा आहे, हातात कॅमेरा आहे. मग व्हिडिओ चपलांच्या कपाटापासून का सुरू होतो? स्टेशनच्या जिन्यापासून सुरू करा, मध्ये न तोडता इमारतीच्या गेटपर्यंत चालत या. मिनिटं आपोआप दिसतील. पण घरात कॅमेरा फ्लशच्या बटणापर्यंत जातो आणि रस्ता आला की ड्रोन होऊन आकाशात उडतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अहो, जाहिरातीत थोडं वाढवून सांगायचंच असतं.’ असतं का? जपानमध्ये घरांच्या जाहिरातीत चालण्याचं एक मिनिट म्हणजे ८० मीटर असा नियम ठरलेला आहे, आणि वरचे उरलेले मीटर पूर्ण मिनिट धरून वाढवायचे, कमी करायचे नाहीत. तिथेही घरं विकली जातात. त्या मापाने पाच मिनिटं म्हणजे ४०० मीटर. आपल्याकडची ‘पाच मिनिटं’ या मापाने एकदा तपासून बघा.

दुसरं उत्तर जास्त चीड आणणारं. ‘गिऱ्हाईक स्वतः येऊन बघतंच की.’ येतं ना, रविवारी सकाळी अकराला, दलालाच्या गाडीतून, रस्ता मोकळा असताना. सोमवारी सकाळी नऊला करी रोडच्या जिन्यावर कोण नेतं त्याला? शिवाय पुण्या-नाशिकची किंवा परदेशातली माणसं व्हिडिओ बघूनच टोकन पाठवतात. रेराच्या कलम १२नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून आगाऊ रक्कम दिली आणि नुकसान झालं, तर बिल्डरकडून भरपाई मागता येते. पण एखादा मालक आपलं जुनं घर विकतो, तेव्हा हा आधार सहसा हाताशी नसतो. तिथे ती एक ओळच काय ती माहिती.

‘मग लिहायचं तरी काय?’ असं विचारणाऱ्यांसाठी हा नमुना. आकडे कल्पित आहेत, आपापले मोजून घाला:

‘लालबाग. वन बीएचके, चटई क्षेत्र ३९० चौरस फूट, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, ताबा लगेच. इमारतीच्या गेटपासून करी रोड स्टेशनचा जिना ६५० मीटर, चालत ९ मिनिटं. तिथे धीम्या लोकलच थांबतात, जलद गाडीसाठी दादर किंवा भायखळा. केईएम, टाटा आणि वाडिया ही तिन्ही रुग्णालयं परळमध्ये, टॅक्सीच्या अंतरावर. गणपतीच्या दिवसांत दारापर्यंत गाडी आणणं अवघड. व्हिडिओ जूनमध्ये, मंगळवारी सकाळी पावणेनऊला काढला आहे.’

यात कुठली ओळ घर विकायला आड येते? लालबागला राहायला येणाऱ्याला गणपतीची गर्दी ठाऊक नसते, असं समजणाऱ्या दलालाने आधी स्वतः लालबाग बघून यावं. उलट, धीम्या गाडीचं खरं सांगितलंय म्हटल्यावर चटई क्षेत्राचा आकडाही खरा वाटायला लागतो. गिरगावात तर ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचं स्वतःचं स्टेशन आहे. एवढा धडधडीत फायदा दारात असताना ‘मरीन ड्राइव्हवर राहिल्याचा आनंद’ कशाला लिहावा लागतो, देव जाणे.

तेव्हा मंडळी, असा व्हिडिओ आला की पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला एवढंच विचारा: कुठल्या गेटपासून, कुठल्या जिन्यापर्यंत, किती वाजता आणि चालत की गाडीने? उत्तर लेखी मागा. ते येईपर्यंत टोकनचा एक रुपयाही देऊ नका.