मार्चच्या उन्हात गहू चिमतो, मका तगतो. मग हिंगोलीत मक्याच्या कणसात दाणे का गायब होतात?

मार्च २०२२ आठवतोय? १९०१ पासून नोंदी ठेवल्या जातात, त्यातला तो देशातला सगळ्यात उष्ण मार्च होता. गहू नेमका दाणे भरण्याच्या अवस्थेत होता. उत्पादनाचा सरकारी अंदाज आधी ११ कोटी टनांच्या वर होता, तो खाली आणावा लागला आणि १३ मे २०२२ ला केंद्रानं गव्हाची निर्यात बंद केली. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीनं उष्णतेचा विक्रम मोडला.

तेव्हापासून दर उन्हाळ्याच्या तोंडावर एक सल्ला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो: गहू सोडा, मका लावा, मक्याला ऊन लागत नाही. त्यात इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली, त्यामुळं सल्ल्याला पैशाचंही बळ मिळालं. हिंगोली जिल्ह्यात तर हा प्रश्न अगदी बांधावरचा आहे. सोयाबीन निघालं, इसापूर किंवा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचं पाणी मिळणार असेल, तर त्याच रानात पुढं काय घ्यायचं?

हा सल्ला अर्धा खरा आहे. मक्याचं पान ऊन सोसतं. मक्याचं फूल सोसत नाही.

आधी पानाचं बघू.

गव्हाच्या पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या वाटेला लावण्याचं काम रुबिस्को नावाचं एन्झाइम करतं. जगातलं बहुतेक अन्न या एका एन्झाइमच्या जीवावर बनतं, आणि तरी ते कामाला कमालीचं मंद आहे. एक रेणू सेकंदाला जेमतेम दोन-चार वेळा काम करतो. त्याची खरी खोड वेगळीच आहे. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत त्याची गफलत होते. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या आसपास, त्यामुळं चुकीचा पाहुणा हाताशी लागण्याची शक्यता कायम असते. २५ अंशांना साधारण तीन-चार वेळा योग्य पकड झाली की एकदा ऑक्सिजन पकडला जातो.

ऑक्सिजन पकडला की जो पदार्थ तयार होतो तो झाडाच्या फारसा कामाचा नसतो. तो दुरुस्त करायला ऊर्जा खर्ची पडते आणि आधी मिळवलेल्या कार्बनपैकी काही पुन्हा हवेत जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढलं की हे नुकसान दोन कारणांनी वाढतं. एक तर रुबिस्कोची निवड आणखी ढिली होते. दुसरं म्हणजे पेशीतल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनपेक्षा वेगानं कमी विरघळायला लागतो. वर दुपारी झाड पाणी वाचवायला पर्णरंध्रं मिटून घेतं, म्हणजे बाहेरून नवा कार्बन येणंही घटतं. गव्हाच्या पानाचं काम २० ते २५ अंशांना सगळ्यात छान चालतं. तिशी ओलांडली की घसरण सुरू.

मक्यानं यावर तोडगा काढलाय, आणि तो रुबिस्को सुधारण्याचा नाही. त्यानं रुबिस्कोला आतल्या खोलीत बसवलंय. मक्याच्या पानाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर प्रत्येक शिरेभोवती जाड पेशींचं कडं दिसतं. बाहेरच्या पेशींत दुसरंच एन्झाइम बसलेलं असतं, त्याचं नाव पेप कार्बॉक्सिलेज. ते ऑक्सिजनला भुलतच नाही. ते कार्बन पकडून चार कार्बन असलेलं एक आम्ल बनवतं, ते आम्ल आतल्या कड्यात पाठवलं जातं आणि तिथं कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो. रुबिस्को तिथंच बसलेलं असतं. त्याच्याभोवती कार्बन डायऑक्साइड कित्येक पटींनी दाट होतो, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही.

पहिला पदार्थ चार कार्बनचा म्हणून मका ‘सी-फोर’, आणि तीन कार्बनचा म्हणून गहू ‘सी-थ्री’. आपल्याकडं ऊस, ज्वारी आणि बाजरी मक्याच्या गटात येतात. गहू, भात, सोयाबीन, तूर, कापूस, हरभरा आणि वसमतची हळदसुद्धा गव्हाच्या गटात. हा मार्ग उलगडला तोही उसाच्या पानात. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक या दोघांनी एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याची मांडणी केली. साखरेच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला हे शाळेत ठळकपणे सांगायला हरकत नव्हती!

ही व्यवस्था फुकट नाही. कार्बन आत ढकलायला मक्याला जास्तीची ऊर्जा लागते. भरपूर ऊन असेल तेव्हा तो खर्च परवडतो, थंडीत परवडत नाही. गहू पश्चिम आशियातल्या हिवाळी पावसाच्या प्रदेशातला आणि मका मेक्सिकोतला, दोघांचे स्वभाव तिथूनच आले. नोव्हेंबरअखेर उशिरा पेरलेला मका डिसेंबरच्या गार रात्रींत आखडून बसतो, पानं पिवळट किंवा जांभळट पडतात. त्याच थंडीत गहू मात्र भराभर फुटवे करतो.

आता हिंगोलीचं कॅलेंडर घेऊ.

बागायती गव्हाची पेरणी १५ नोव्हेंबरपर्यंत उरकावी आणि त्यानंतरच्या दर पंधरवड्याला हेक्टरी साधारण अडीच क्विंटल उत्पादन घटतं, असं कृषी विद्यापीठांच्या शिफारशीत सांगितलं जातं. समजा, सोयाबीननंतर रान वापशावर यायला वेळ लागला, कालव्याचं आवर्तन लांबलं आणि पेरणी १० डिसेंबरला झाली. हिशेब सरळ आहे: २५ दिवसांचा उशीर, म्हणजे हेक्टरी चार क्विंटलच्या आसपास फटका. हे चार क्विंटल जातात कुठं?

वेळेवर पेरलेल्या गव्हाचे दाणे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीत भरतात. उशिराच्या गव्हाचे फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये. या दोन काळांत दिवस-रात्रीच्या सरासरी तापमानात पाचेक अंशांचा फरक सहज पडतो. सरासरी एक अंश वाढलं की दाणे भरण्याचे दिवस साधारण तीननं घटतात आणि दाण्याचं वजन ३ ते ५ टक्क्यांनी कमी होतं. पाच अंशांना गुणून बघा: पंधरा दिवस गेले आणि वजनात १५ ते २५ टक्के घट आली. दाण्यात स्टार्च तयार करणारं एन्झाइमही उष्णतेला नाजूक असतं, आणि गरम रात्री झाड दिवसा कमावलेली साखर श्वसनात जाळत बसतं. गव्हाचा तोटा असा हळूहळू, रोज थोडा थोडा होतो. ओंब्या भरलेल्या दिसतात, मळणीनंतर पोतं हलकं लागतं.

गव्हाला यात एक आधार आहे, पाणी. जमिनीत ओल असेल तर पानं बाष्प सोडून स्वतःला हवेपेक्षा काही अंश थंड ठेवतात. म्हणून दाणे दुधाळ असतानाची पाळी चुकली की उष्णतेचा मार दुप्पट बसतो. इथं पानांच्या दोन पद्धतींचा आणखी एक परिणाम दिसतो. मका कमी उघडलेल्या पर्णरंध्रांतूनही पुरेसा कार्बन ओढतो, त्यामुळं तेवढ्याच पाण्यात गव्हाच्या जवळपास दुप्पट वाळलेला माल बनवू शकतो. पण रंध्रं मिटलेली म्हणजे पान थंड होणंही कमी. मक्याचं पान ३८ अंशांपर्यंत तापलं तरी काम करत राहतं, त्यामुळं त्याला ते चालतं. त्यापुढं रुबिस्कोला चालू ठेवणारं मदतनीस प्रथिन ढेपाळतं आणि मक्याचंही पान मंदावतं.

आता उन्हाळी मका. समजा, गहू नको म्हणून किंवा कापूस उपटून रान मोकळं झालं म्हणून फेब्रुवारीच्या मध्याला मका टोकला. उन्हात वाढ झपाट्यानं होते. पीक हिरवंगार, कमरेच्या वर, बांधावरून जाणारा माणूस थांबून बघेल असं. पन्नास-पंचावन्न दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तुरा बाहेर पडतो. तेव्हा हिंगोलीत दुपारचा पारा चाळिशीच्या आसपास असतो.

तुरा झाडाच्या अगदी शेंड्यावर, उघड्या उन्हात. त्यातून पडणारे परागकण मुळात अल्पायुषी, कोरड्या गरम हवेत ते मिनिटांत निकामी होऊ शकतात. ३८ अंशांच्या पुढं त्यांची रुजण्याची ताकद वेगानं घसरते. खाली कणसाचे केस वाट बघत असतात. प्रत्येक केस म्हणजे एका दाण्याची नळी, एका केसावर एक परागकण रुजला तर एक दाणा. त्यात पाण्याचा ताण पडला की केस बाहेर यायला उशीर होतो आणि तुरा आधीच झडून मोकळा होतो. दोघांची गाठच पडत नाही. परागकण आठवडाभर, बहुतांशी सकाळी पडतात, त्यामुळं एका तापलेल्या दिवसानं सगळं जात नाही. सलग आठ दिवस तापले आणि रान कोरडं असलं की मात्र कणीस अर्धं रिकामं राहतं. सी-फोरची सगळी करामत पानात आहे, परागकणाला तिचा उपयोग नाही.

आफ्रिकेतल्या वीस हजारांहून जास्त मका चाचण्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ३० अंशांच्या वरचा प्रत्येक अंश, प्रत्येक दिवस, पाणी पुरेसं असताना उत्पादन सुमारे १ टक्का कमी करतो आणि दुष्काळात १.७ टक्के, असं त्यात आढळलं. ‘मक्याला ऊन लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी यातला दुसरा आकडा जास्त लक्षात ठेवावा, कारण मराठवाड्यात एप्रिलचं पाणी कुणाच्या हातात असतं?

म्हणजे प्रश्न पिकापेक्षा तारखेचा जास्त आहे. मका ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरला तर थंडीचा कडाका येण्याआधी रोप उभं राहतं, तुरा एप्रिलच्या खूप आधी येऊन जातो आणि दाणे भरताना पडणारं फेब्रुवारी-मार्चचं ऊन त्याच्या पानाला सोसतं. त्याच उन्हात गहू चिमतो. उन्हाळी मका घ्यायचाच असेल तर फेब्रुवारीऐवजी जानेवारीत टोकलेल्या मक्याचा तुरा मार्चमध्ये येतो, आणि तुरा ते केस या दोन आठवड्यांसाठी पाणी राखून ठेवावं लागतं. डिसेंबरात फक्त दोन-तीन पाळ्यांचीच खात्री असेल तर माझ्या मते दोन्ही पिकांपेक्षा हरभरा बरा. सी-थ्री असला तरी तो ऊन तापायच्या आत निघतो.

फटका नेमका कशाचा बसला, हे कणसावरून ओळखता येतं. दाणे विखरून गायब असतील, मध्येच दातांसारख्या फटी असतील, तर परागीभवन फसलं. शेंड्याकडं बारीक, सुरकुतलेले, फिकट दाणे असतील तर परागीभवन झालं होतं, नंतर पाणी किंवा साखर कमी पडली. कापणीपर्यंत थांबायचीही गरज नाही. तुरा झडू लागल्यावर आठवड्याभरात एक कणीस तोडा, पानं अलगद सोला आणि कणीस हलकेच हलवा. ज्या दाण्याला पराग मिळाला त्याचा केस गळून पडतो. जो केस चिकटून राहतो, तिथं दाणा येणार नाही. शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी पाच-सहा कणसं तपासली की चित्र स्पष्ट होतं. निम्मे केस चिकटलेलेच राहिले, तर ते रान हिरवं असतानाच मुरघासासाठी द्यायचं की धान्यासाठी ठेवायचं, हे तिथंच ठरवता येतं.