कांदा कोणाचा?

७ डिसेंबर २०२३च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने कांद्याची निर्यात ३१ मार्च २०२४पर्यंत बंद केली. दुसऱ्याच दिवशी नाशिक जिल्ह्यातील अनेक बाजार समित्यांत लिलाव थांबले, रास्ता रोको झाले आणि या प्रश्नावर भाष्य करणाऱ्या चित्रफितींनाही ऊत आला. त्यांतील बहुतेकांचे साचे दोनच होते. एकात शेतकऱ्याच्या वाट्याला आलेला अन्याय होता, तर दुसऱ्यात गृहिणीचे कोलमडलेले अंदाजपत्रक. दोन्हींचा शेवट मात्र एकाच सुरात होत असे: 'आपण सर्वांनी याचा विचार केला पाहिजे.' विचार नेमका कशाचा करायचा, हे प्रेक्षकाला अखेरपर्यंत कळत नसे.

या गदारोळात फारसा न विचारला गेलेला प्रश्न साधा होता. त्या दिवशी बाजारात आलेला कांदा कोणता होता? महाराष्ट्रात कांद्याची तीन पिके निघतात. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने टिकतो. पावसाळ्यात आणि पुढे दिवाळीपर्यंत देश बव्हंशी तोच खातो. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येणारा खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागोमाग येणारा रांगडा यांत पाण्याचा अंश अधिक असल्याने ते साठवणीला टिकत नाहीत. काढले की थोड्याच आठवड्यांत विकावे लागतात.

आता भाव आणि बंदी यांच्या तारखा या पंचांगावर मांडून पाहाव्यात. २०२३मध्ये भाव चढले ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. चाळीतला कांदा सरत आला होता आणि पाऊस लांबल्याने नवा वेळेवर आला नव्हता. त्या तेजीचा लाभ झाला तो ज्याच्या चाळीत तोवर माल शिल्लक होता, त्याला. डिसेंबरची बंदी मात्र पडली ती लाल कांद्यावर, म्हणजे ज्याला थांबण्याची सोयच नव्हती, त्याच्यावर. तेजी एका कांद्याची आणि निर्बंध दुसऱ्या कांद्यावर, एवढी एकच गोष्ट नीट मांडली, तरी चर्चेत नसलेली भर पडते.

पाच मिनिटांच्या चित्रफितीसाठी जेमतेम सहाशे शब्दांची संहिता पुरते. त्यांतील पन्नास-साठ शब्द बातमीला द्यावेत. ती प्रेक्षकाने आधीच ऐकलेली असते. लगेच प्रश्न विचारावा आणि मग तीन पिकांचे कोष्टक पडद्यावर आणावे. भाव आणि बंदी यांच्या तारखा त्या कोष्टकावर प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत चढाव्यात. अनुमान त्याचे त्याला काढता यावे, म्हणून तेथे निवेदकाने क्षणभर थांबावे. त्यानंतर सरकारची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी सांगावी: ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि ऑक्टोबरअखेर प्रतिटन ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य लावूनही भाव पुरेसे उतरले नव्हते, आणि शहरातील ग्राहकाला उत्तर देणे भाग होते. ही बाजू वगळली, तर सजग प्रेक्षक ती स्वतःच आठवतो आणि निवेदकावरचा त्याचा विश्वास तेथेच संपतो.

उपदेश शिरला आहे की नाही, हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. संहिता मोठ्याने वाचावी आणि 'पाहिजे', 'हवे', 'समजून घ्या' यांवर संपणारी वाक्ये खोडावीत. उरलेली संहिता सलग उभी राहिली, तर विश्लेषण होते. कोसळली, तर केवळ आवेश होता. 'शेतकऱ्याचे दुःख आपण समजून घेतले पाहिजे' यापेक्षा 'हा कांदा पुढच्या महिन्यापर्यंत टिकत नाही' हे वाक्य अधिक सांगते.

घसरण्याची जागा बहुधा आकड्यांत असते. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. आवेशाच्या भरात तेजीचा दाखला म्हणून कमाल दर आणि मंदीचा दाखला म्हणून किमान दर उचलला जातो आणि घसरण प्रत्यक्षाहून मोठी दिसते. तुलना सर्वसाधारण दराशी सर्वसाधारण दराचीच, आणि तीही एका दिवसाची नव्हे, तर आठवड्याची असावी. शिवाय या मांडणीची मर्यादाही सांगावी लागते. चाळ असणारा आणि लाल कांदा लावणारा शेतकरी अनेकदा एकच असतो. त्याच्या बाबतीत आधीचा नफा आणि नंतरचा तोटा एकाच वहीत पडतो.

मुदत संपण्यापूर्वीच बंदी वाढवली गेली. ती ४ मे २०२४ रोजी शुल्क आणि किमान मूल्य लावून उठली, तेव्हा बाजारात टिकाऊ उन्हाळ कांदा होता. शुल्क पूर्णतः हटले ते १ एप्रिल २०२५ रोजी. पुढचा निर्बंध जेव्हा येईल, तेव्हाही पहिला प्रश्न हाच राहील: त्या महिन्यात बाजारात कांदा कोणता आहे, आणि तो किती दिवस टिकतो?