इअरफोन लावल्याशिवाय फोनमध्ये एफएम का लागत नाही? रेंज नसताना हाच प्रश्न महागात पडू शकतो

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे टॉवर बंद पडले आणि कितीतरी गावांत पुढचे अनेक दिवस ना लाईट होती ना रेंज. आता त्या अंधारात बसलेल्या एखाद्या घराची कल्पना करा. फोनमध्ये थोडी बॅटरी आहे, पण व्हॉट्सॲप चालत नाही, फोनही लागत नाही. अशा वेळी फोनमधली एकच गोष्ट बाहेरची बातमी आणू शकते, आणि ती म्हणजे एफएम रेडिओ. त्याला ना सिम लागतं, ना डेटा.

म्हणून घरातलं कुणीतरी रेडिओचं ॲप उघडतं आणि स्क्रीनवर येतं, "कृपया इअरफोन लावा." घरात इअरफोन असतात ते ब्लूटूथचे. संपला विषय.

हा प्रश्न सरकारपर्यंतही गेलाय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल कंपन्यांच्या संघटनांना एक सूचनापत्र पाठवलं. ज्या फोनमध्ये एफएमची सोय आहे तिथे ती बंद करून ठेवू नका, चालू ठेवा, असं त्यात म्हटलं होतं. कारण दिलं होतं आपत्तीच्या वेळी मिळणाऱ्या इशाऱ्यांचं. त्याच महिन्यात, २८ एप्रिलला, आकाशवाणीच्या १०० वॅटच्या ९१ नव्या एफएम ट्रान्समीटरचं उद्घाटनही झालं. म्हणजे सरकारने एका बाजूला प्रक्षेपण वाढवलं आणि दुसऱ्या बाजूला फोन तयार ठेवायला सांगितलं. मध्ये राहिली ती सव्वा मीटरची वायर. तिचं काय?

सोशल मीडियावर याचं एक सोपं उत्तर फिरत असतं की इअरफोन खपवायचा हा कंपन्यांचा डाव आहे. पण तसं नाहीये. कुठल्याही कंपनीचा, दहा वर्षं जुना, शंभर रुपयांचा इअरफोन लावा, रेडिओ वाजतो. फोनला कानात घालायची बोंडं नकोच असतात, त्याला हवी असते मधली तार.

का हवी असते, ते पुण्याच्या उदाहरणावरून बघू. पुणे आकाशवाणी एफएमवर १०१ मेगाहर्ट्झला लागते. म्हणजे ती लहर सेकंदाला १० कोटी १० लाख वेळा वरखाली होते. रेडिओ लहर सेकंदाला साधारण ३० कोटी मीटर जाते. भागाकार केला की एका लहरीची लांबी येते जवळपास तीन मीटर.

ही लहर धातूच्या तारेवर आली की तारेतले इलेक्ट्रॉन तिच्या तालावर पुढे-मागे व्हायला लागतात. हीच हालचाल म्हणजे फोनला मिळणारा सिग्नल. पण प्रत्येक झोपाळ्याला जशी स्वतःची एक लय असते, तशी तारेलाही तिच्या लांबीप्रमाणे लय असते. योग्य लयीत हलका धक्का दिला तरी झोपाळा उंच जातो. फोनच्या बाबतीत तार लहरीच्या एक चतुर्थांश लांबीची असली की ही लय जुळते. तीन मीटरचा एक चतुर्थांश म्हणजे सुमारे ७४ सेंटीमीटर.

आता फोन मोजा. उभा धरला तरी १६ सेंटीमीटरच्या आसपास भरतो. त्यात ७४ सेंटीमीटरची तार कुठे बसवणार? मग वायफाय आणि फोरजीचे अँटेना आत कसे बसतात? कारण त्यांच्या लहरी आखूड असतात. २४०० मेगाहर्ट्झच्या वायफायची अख्खी लहरच साडेबारा सेंटीमीटरची, तिचा चौथा भाग जेमतेम तीन सेंटीमीटर. तेवढी धातूची पट्टी फोनच्या कडेला सहज मावते. एफएमची लहर त्या मानाने फारच लांब. म्हणून जुन्या ट्रान्झिस्टरला ओढून लांब करायची दांडी असायची, आणि फोनने ते काम इअरफोनच्या वायरवर ढकललं.

वायर सव्वा मीटरच्या आसपास असते, म्हणजे ७४ सेंटीमीटरपेक्षा जास्तच. शिवाय ती छातीपाशी दोन फाट्यांत विभागते आणि अंगाला चिकटून लोंबकळते. त्यामुळे हिशेब कागदावर येतो तसा तंतोतंत जुळत नाही. पण रेडिओ ऐकण्यापुरतं हे चालून जातं. उरलेली जुळणी फोनमधले छोटे भाग सांभाळून घेतात.

आता खरी गंमत. ही वायर आवाज फोनकडून कानाकडे नेते आणि त्याच वेळी रेडिओचा सिग्नल बाहेरून फोनकडे आणते. दोन्ही एकाच तारेत, मग गोंधळ का होत नाही?

इअरफोनची पिन नीट बघा. माईकवाल्या इअरफोनच्या पिनेवर तीन कड्या असतात आणि त्यांनी पिनेचे चार भाग पाडलेले असतात. आजच्या बहुतेक फोनमध्ये टोकापासून क्रमाने डावा कान, उजवा कान, ग्राऊंड आणि माईक असे ते चार भाग. दोन्ही कानांकडे गेलेला विजेचा प्रवाह परत येतो तो ग्राऊंडच्या तारेतून. बहुतेक वेळा हीच ग्राऊंडची तार अँटेना म्हणून वापरली जाते.

फोनच्या आत, पिन जिथे टेकते तिथे, या तारेच्या वाटेवर एक इवलंसं वेटोळं बसवलेलं असतं. वेटोळ्याचा स्वभाव असा की सावकाश बदलणारा प्रवाह ते बिनबोभाट सोडतं आणि झपाट्याने बदलणारा अडवतं. पाव मायक्रोहेन्रीचं वेटोळं धरा. माणसाला ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज सेकंदाला २० हजार कंपनांचा. त्यालाही या वेटोळ्याचा अडथळा होतो जेमतेम ०.०३ ओहम. कानातल्या ३२ ओहमच्या स्पीकरपुढे हे काहीच नाही. पण १०१ मेगाहर्ट्झच्या सिग्नलला तेच वेटोळं सुमारे १६० ओहमची भिंत होऊन बसतं. ग्राऊंडकडे जायची वाट बंद झाली की रेडिओचा सिग्नल बाजूच्या एका कपॅसिटरमधून एफएम चिपमध्ये शिरतो. कपॅसिटरचा स्वभाव वेटोळ्याच्या बरोब्बर उलटा, झपाट्याचं तेवढं सोडायचं आणि सावकाशीचं अडवायचं. आवाज एका वाटेने गेला, रेडिओ दुसऱ्या. डाव्या-उजव्या तारांवरही अशीच वेटोळी लावतात, नाहीतर सिग्नल तिकडून निसटतो.

एवढं कळलं की रोजच्या खरखरीची कारणंही कळतात. वायर गुंडाळून खिशात ठेवली की स्टेशन जातं, कारण गुंडाळलेली तार सरळ तारेएवढा सिग्नल पकडू शकत नाही. चालताना खरखर कमी-जास्त होते, कारण तुमचं अंगही तारेजवळचा सिग्नल शोषतं. स्वस्तातला चार्जर लावल्याबरोबर खर्रर्र सुरू झालं तर चार्जर काढून बघा. त्याच्या आतल्या वेगवान चालू-बंदचा गोंगाट एफएमच्या पट्ट्यापर्यंत पोहोचतो. आणि ॲपमध्ये स्टिरिओ-मोनो असा पर्याय असेल तर कमजोर सिग्नलला मोनो करा. स्टिरिओला जास्त ताकदीचा सिग्नल लागतो, मोनोत खरखर बरीच खाली येते.

एका कानाने मेलेला इअरफोन फेकून देऊ नका, हे जाताजाता. ग्राऊंडची तार शाबूत असेल तर अँटेना म्हणून तो अजून कामाचा आहे. तो लावायचा आणि ॲपमधून आवाज स्पीकरवर वळवायचा. दोन्हीकडे पिन असलेली साधी ऑक्स केबलही बहुतेक फोनवर चालते. मात्र बिनवायरची नुसती पिन खोचली तर ॲप फसतं, लहर फसत नाही. "इअरफोन लावा" हा संदेश जातो, खरखर राहते.

काही साध्या बटणांच्या फोनमध्ये एफएमसाठी आतच छोटा अँटेना असतो आणि तो वायरशिवाय वाजतो. मग स्मार्टफोनमध्ये का नाही? करता येतं, पण आखूड तार सिग्नल कमी पकडते. ट्रान्समीटरजवळच्या शहरात ते खपून जातं, लांबच्या गावात नाही. आणि नवे ट्रान्समीटर लहान आहेत. त्या ९१ ट्रान्समीटरमुळे मिळून सुमारे ३५ हजार चौरस किलोमीटर भागाची भर पडेल, असं सांगितलं गेलं होतं. एकेकाच्या वाट्याला येतात सरासरी ३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ११ किलोमीटर त्रिज्येचा घेर. त्या घेराच्या कडेला राहणाऱ्याला लांब तारेचीच गरज जास्त.

आता खरी अडचण. गोल पिनेचं भोकच नव्या फोनमधून जातंय. टाइप-सीच्या अनेक इअरफोनमध्ये फोन आवाज आकड्यांच्या रूपात बाहेर पाठवतो आणि वायरमधली चिप त्याचा आवाज करते. तार तिथेही धातूचीच आहे, पण फोनच्या आत त्या भोकापासून एफएम चिपपर्यंत वाट काढलेली नसेल तर ती तार रेडिओसाठी निरुपयोगी. काही कंपन्या ही वाट काढतात, बऱ्याच काढत नाहीत. ब्लूटूथमध्ये तर तारच नाही.

इथेच त्या सूचनापत्राची मर्यादा दिसते. अनेक फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ सांभाळणाऱ्या चिपमध्येच एफएमचाही भाग असतो. तो फक्त सॉफ्टवेअरने झाकलेला असेल तर अपडेटने उघडता येईल. पण चिपपासून बाहेर तारच जोडलेली नसेल, तर कुठलंही अपडेट ती जोडू शकत नाही. अमेरिकेत हे २०१७ मध्ये घडून गेलंय. त्या सप्टेंबरमध्ये मारिया वादळाने पोर्तो रिको उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या दूरसंचार आयोगाचे अध्यक्ष अजित पै यांनी ॲपलला आयफोनमधलं एफएम चालू करायची जाहीर विनंती केली. ॲपलचं उत्तर आलं की आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि त्यासाठीचा अँटेनाही नाही. आयफोन ७ मधून गोल पिनेचं भोक आधीच्या वर्षी काढून टाकलेलं होतं.

"चालू ठेवा" असं सांगणं अशा फोनला लागूच होत नाही. नियम करायचाच असेल तर तो फोनच्या आराखड्यापासून करावा लागेल, चिपपासून भोकापर्यंतच्या त्या वाटेसकट.

तोवर तुमचा फोन कुठल्या गटात बसतो ते पावसाळ्याआधी तपासून घ्या. डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करा, वायरचा इअरफोन लावा आणि फोनबरोबर आलेलं रेडिओचं ॲप उघडा. स्टेशन लागलं तर रेडिओ खरा. प्ले स्टोअरवरून घेतलेलं 'एफएम रेडिओ' नावाचं ॲप डेटा बंद करताच गप्प झालं, तर ते इंटरनेटवरूनच वाजत होतं आणि रेंज गेली की तेही जाणार. तसं असेल तर घरात सेलवर चालणारा एक छोटा ट्रान्झिस्टर असू द्या. त्याची दांडी ओढून लांब करता येते.